एसजीओटी-एसजीपीटी वाढलंय: गुणोत्तर बघायचं की किती पट ते?

लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही वाढलेले दिसले, की डॉक्टर मंडळींच्या वाचायच्या दोन सवयी असतात. काही जण आधी एकाला दुसऱ्याने भागतात, म्हणजे एसजीओटी भागिले एसजीपीटी. काही जण एसजीपीटी लॅबच्या वरच्या मर्यादेच्या किती पट गेलंय ते बघतात, शेजारी बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ठेवतात आणि शंका असली तर काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात. नव्या नावांची सवय असेल तर एसजीओटी म्हणजे एएसटी आणि एसजीपीटी म्हणजे एएलटी. मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. बरीच वर्षं पहिल्या सवयीचा होतो, आता दुसऱ्या. नव्याने प्रॅक्टिसला बसलेल्यांपैकी कुणी विचारलं तर दोन्ही शिका असंच सांगेन, पण हात आधी कुठे जावा याबद्दल माझं एक मत झालंय.

गुणोत्तराची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. फर्नांडो डी रिटिस या इटालियन डॉक्टरांनी १९५७ मध्ये ते पुढे आणलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. त्यामागे पेशीतली खरी गोष्ट आहे. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरच्या पेशीतल्या द्रवात असतं. एसजीओटी तिथेही असतं आणि मायटोकॉन्ड्रियातही. दारू मायटोकॉन्ड्रियाला इजा करते, त्यामुळे एसजीओटी जास्त सुटतं. शिवाय एसजीपीटी तयार व्हायला बी-६ जीवनसत्त्व लागतं आणि बरीच वर्षं पिणाऱ्या माणसात त्याचीच कमतरता असते. म्हणून दारूच्या हेपॅटायटिसमध्ये एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसतं, आणि तरीही ३००च्या वर क्वचितच जातं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये उलट चित्र असतं, एसजीपीटी पुढे आणि गुणोत्तर १च्या खाली. एका भागाकारात इतकं कळतं. ओपीडीत बाहेर वीस माणसं बसलेली असताना याचा मोह पडणं स्वाभाविक आहे.

मला त्याची अडचण कुठे आली ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो.

पोलीस भरतीची तयारी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. थकवा आणि अंगदुखी म्हणून वडील घेऊन आले. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात वारी. रिपोर्टमध्ये एसजीओटी २१२, एसजीपीटी ८८, लॅबची मर्यादा दोन्हींना ४०. गुणोत्तर २.४. मी त्या आकड्याकडे बघितलं आणि वडिलांसमोरच मुलाला विचारलं, "किती पितोस?" मुलगा गप्प झाला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो क्षण मला अजून छळतो.

रिपोर्टचा उरलेला भाग माझ्यासमोरच होता. बिलिरुबिन ०.८, अल्कलाइन फॉस्फटेज ८४, जीजीटी २२. लिव्हरला त्रास होईल इतकी दारू पिणाऱ्याचं जीजीटी बहुतेक वेळा वाढलेलं असतं, इथे ते शांत होतं. मी तेव्हा पट मोजली असती, तर एसजीपीटी जेमतेम २.२ पट आणि एसजीओटी ५.३ पट, बाकी लिव्हर गप्प, हे विचित्र चित्र डोळ्यांत भरलं असतं. मग साधा प्रश्न सुचला असता: हे एसजीओटी लिव्हरचंच आहे का? एसजीओटी स्नायूंत भरपूर असतं, हृदयात असतं, तांबड्या पेशींतही असतं. रक्त काढताना नमुन्यात पेशी फुटल्या तरी ते वाढतं. एसजीपीटीही स्नायूत असतं, पण बरंच कमी.

दोन दिवसांपूर्वी काय केलंस, हे मी नंतर विचारलं. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर त्याने ग्राउंड सुरू केलं होतं. एकाच दिवशी सोळाशे मीटर धावणं, गोळाफेक आणि मित्रांच्या पैजेवर दोनशे बैठका. स्नायूंना इजा झाली की वाढणारं सीपीके पाठवलं, ते ७,८०० आलं. लघवी गडद नव्हती, क्रिएटिनिन ठीक होतं, म्हणून भरपूर पाणी आणि विश्रांती एवढंच सांगितलं. लघवी चहासारखी झाली असती तर त्याला लगेच दवाखान्यात दाखल केलं असतं, कारण मग धोका किडनीला असतो.

पाचव्या दिवशी एसजीओटी ५८ आणि एसजीपीटी ६१. बाराव्या दिवशी २७ आणि ३४. आता गुणोत्तरं काढून बघा: २.४, मग ०.९५, मग ०.८. म्हणजे भागाकारावर विसंबणाऱ्याला हाच मुलगा पहिल्या दिवशी दारुडा वाटला असता आणि पाचव्या दिवशी फॅटी लिव्हरचा. कारण सरळ आहे. एसजीओटीचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण १७ तास, एसजीपीटीचं साधारण ४७ तास. गळती थांबली की एसजीओटी आधी उतरतं, एसजीपीटी मागे रेंगाळतं. त्यामुळे गुणोत्तर नुसतं आजारावर अवलंबून नसतं, इजा होऊन किती दिवस झाले यावरही असतं. आणि ते आकडा बघून कळत नाही. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली आणि तिनेच माझी सवय बदलली.

पट मोजण्याचा दुसरा फायदा म्हणजे निर्णय त्यावर घेता येतो. टीबीच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या. एक बाई, एकेटी सुरू होऊन तीन आठवडे झालेले, मळमळ, जेवण जात नाही. एसजीपीटी १३६, एसजीओटी ११८. गुणोत्तर ०.९, त्यातून काय करायचं ते काहीच कळत नाही. पट मात्र ३.४ आहे आणि सोबत लक्षणं आहेत. नियम असा की लक्षणं असतील तर तीन पटीला आणि लक्षणं नसतील तर पाच पटीला लिव्हरला त्रास देणारी औषधं थांबवायची. म्हणून आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड त्याच दिवशी थांबवली. एसजीपीटी दोन पटीच्या खाली आल्यावर एकेक औषध परत सुरू करता येतं, बहुधा रिफाम्पिसिनपासून. हेच १३६ एखाद्या ठणठणीत, नीट जेवणाऱ्या माणसाचं असतं तर गोळ्या चालू ठेवून आठवड्याने पुन्हा तपासलं असतं.

आकडा हजारांत गेला की पट आणखी उपयोगी पडते, कारण यादी एकदम आखूड होते. व्हायरल हेपॅटायटिस, औषध किंवा विष, किंवा बीपी खूप पडून लिव्हरला रक्त न मिळणं. आमच्याकडे विषात उंदीर मारायची फॉस्फरसची पेस्ट आवर्जून विचारावी लागते, आणि तेही नातेवाइकांना बाहेर बसवून. क्वचित पित्तनलिकेत अडकलेला खडाही एक-दोन दिवस असा आकडा दाखवतो आणि मग तो झपाट्याने उतरतो.

इथे एक धोका सांगायलाच हवा. एसजीपीटी ३,००० वरून ६०० वर आलं म्हणून घरच्यांना हायसं वाटतं. बिलिरुबिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारं आयएनआरही उतरत असतील तर ते खरंच बरं लक्षण आहे. पण हे दोन्ही चढत असतील, माणूस गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर आकडा उतरण्याचं कारण वेगळं असतं: फुटायला पेशीच उरलेल्या नसतात. अशा माणसाला मी माझ्याकडे एक तासही ठेवत नाही, लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय असलेल्या ठिकाणी पाठवतो.

तरी एका जागी गुणोत्तर जिंकतं आणि ते मी सोडलेलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ, पंधरा वर्षांचा मधुमेह, जुनं फॅटी लिव्हर. पूर्वी एसजीपीटी ९० असायचं, यंदा ३८. त्यांना वाटलं लिव्हर सुधारलं. नुसती पट मोजणाऱ्यालाही तसंच वाटेल, कारण ३८ मर्यादेच्या आत आहे. पण एसजीओटी ६१ होतं, गुणोत्तर १.६, आणि प्लेटलेट १ लाख १० हजार. फॅटी लिव्हरमध्ये १च्या खाली असलेलं गुणोत्तर दारूशिवाय १च्या वर सरकतं, तेव्हा लिव्हर कडक होत असल्याची शंका घ्यावी. तिथे मी फिब-४ काढतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. त्यांचं आलं ५.२. २.६७च्या पुढे चिंता, १.३च्या खाली बहुतेक निर्धास्त. फायब्रोस्कॅनमध्ये सिऱ्होसिस निघाला. पस्तिशीच्या आतल्या माणसात मात्र हे गणित भरवशाचं नाही. आणि त्यातही एसजीओटी असल्यामुळे नुकतीच बैठका मारलेल्या माणसात तेही फसतं.

लॅबच्या मर्यादेबद्दलही दोन शब्द. काही लॅब एसजीपीटीला ४० लावतात, काही ५५. ठणठणीत पुरुषात ते साधारण ३३पर्यंत आणि बाईत २५पर्यंत असावं असं अमेरिकी तज्ज्ञांनी सुचवलंय. त्यामुळे बाईचं ४८ एका लॅबमध्ये नॉर्मल छापून येतं, पण ते जवळजवळ दुप्पट असू शकतं. पट मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं आणि शक्यतो तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करावी.

आता माझा क्रम असा आहे. कावीळ, गुंगी किंवा आयएनआर वाढलेलं नसेल आणि एसजीपीटी पाच पटीच्या आत असेल, तर मी त्या दिवशी निदान करत नाही. एसजीओटी एकटंच पुढे धावलेलं असेल तर सीपीके पाठवतो. व्यायाम, नवं औषध, काढे, ताकदीच्या पावडरी यांची चौकशी करतो, आणि दारूचा प्रश्न पेशंटला एकट्याला घेऊन विचारतो. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर व्यायाम बंद, हे चिठ्ठीवर लिहून देतो. दुसरा रिपोर्ट हातात आला की मगच भागाकार.

त्या मुलाचा तिसरा रिपोर्ट आला तेव्हा मी वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले, कुठला आकडा कुठून आला ते दाखवलं आणि मुलाची माफी मागितली. वडिलांनी ते कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले.