८ महिने सगळ्यात महागडी योजना: पैसे ४केचे भरले, अडलं ऑप्टिकल केबलपाशी

एप्रिलमध्ये भाचा सुट्टीला आला. सोफ्यावर टेकायच्या आधीच त्याचं लक्ष साउंडबारच्या डिस्प्लेवर गेलं. "मामा, तुम्ही अ‍ॅटमॉसचे पैसे भरता ना? मग हा PCM का दाखवतोय?"

मी म्हटलं, आवाज तर चारी बाजूंनी येतोय की. तो हसला. मला राग आला, पण तो बरोबर होता. अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीचा डोक्यावरूनही येणारा आवाज, आणि PCM म्हणजे इथे साधा दोन चॅनलचा. दसऱ्याला ४३ इंची ४के टीव्ही आणि ३.१.२ साउंडबार एकदम घेतला, त्याच दिवशी ओटीटीची वरची योजना चालू केली. खालच्या योजनेपेक्षा महिन्याला दीडशे रुपये जास्त. म्हणजे सहा महिने मी दीडशे रुपये भरून साधा स्टिरिओ ऐकत होतो. टीव्ही आणि बारची वैशिष्ट्यं इथे पुन्हा लिहीत नाही, ती सगळीकडे सापडतात. हा अनुभव त्यांना जोडणाऱ्या केबलचा आहे, आणि थोडा माझ्या चिकटपणाचा.

आधी चित्राचं सांगतो, कारण पहिली फसगत तिथे झाली. नव्या टीव्हीतलं अ‍ॅप जरा रेंगाळायचं, म्हणून मी जुन्या टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक काढून याला लावली. चालू वस्तू फेकायची कशाला? ती स्टिक फुल एचडीची, १०८०पीच्या वर तिला जमतच नाही. टीव्ही ते चित्र ताणून पडदाभर करत होता आणि मी 'काय ४के आहे!' म्हणत पाहत होतो. चार महिने काही कळलं नाही. कळलं ते इंटरनेटवाल्याच्या अ‍ॅपमधल्या वापराच्या आकड्यावरून. दोन तासांच्या चित्रपटाला पाच जीबीसुद्धा गेले नव्हते. एचडीला तासाला साधारण ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत जातात, तेव्हा हिशेब जुळेना. मदत केंद्राला फोन केला. "सर, तुमचा प्लॅन अ‍ॅक्टिव्ह आहे, टीव्ही बंद करून चालू करा." दोनदा केला. स्टिकबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

यात योजना नेमकं काय करते, ते मला तेव्हा समजलं. एकच चित्रपट सर्व्हरवर कितीतरी आवृत्त्यांमध्ये ठेवलेला असतो. ४८०पी, ७२०पी, १०८०पी, ४के, आणि प्रत्येकीत कमीजास्त डेटाच्या आणखी काही. नेटच्या वेगाप्रमाणे अ‍ॅप त्यातली एक उचलतं. योजना फक्त एवढंच ठरवते की कितव्या पायरीच्या वर जायचं नाही. त्या पायरीपर्यंत चढायचं काम आपल्या यंत्राचं. नेट १५ एमबीपीएसच्या आसपास सलग मिळालं पाहिजे, यंत्राला एचईव्हीसीसारख्या पद्धतीने दाबलेली आवृत्ती उलगडता आली पाहिजे, आणि स्टिक किंवा बॉक्स वापरत असाल तर वाटेतल्या प्रत्येक एचडीएमआय जोडणीला एचडीसीपी २.२ हे कुलूप समजलं पाहिजे. एक कडी जुनी असली की चित्र गुपचूप खाली उतरतं. पडद्यावर इशारा येईलच असं नाही.

बायकोच्या स्वस्तातल्या टॅबलेटचंही तेच निघालं. पडदा फुल एचडी, पण चित्र कायम पिठूळ. त्यात गूगलच्या वाइडवाइनची पातळी L3 आहे, म्हणजे चित्रपटाचं कुलूप चिपच्या सुरक्षित भागात न उघडता साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. अशा यंत्राला वरच्या दर्जाच्या किल्ल्याच दिल्या जात नाहीत, मग योजना कुठलीही असो. L1 असेल तर मिळतात. DRM Info नावाच्या अ‍ॅपमध्ये Security Level या ओळीत हे दिसतं. टॅबलेट घेताना रॅम विचारली होती, हे कोण विचारतं!

तर स्टिक काढली, टीव्हीतलं अ‍ॅप सोसायचं ठरवलं. त्याच चित्रपटाला डेटा दुपटीहून जास्त गेला. आणि चित्र? खरं सांगायचं तर रेखीवपणात मला काडीचा फरक दिसला नाही. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग कागदावर गणित मांडलं. धडधाकट डोळ्याला अंशाचा साठावा भाग एवढं बारीक वेगळं दिसतं, त्याहून बारीक ते एकमेकांत मिसळतं. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. १०८०पीमध्ये त्यात १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांच्या पलीकडून असे ठिपके वेगळे दिसतच नाहीत. आमचा सोफा नऊ फुटांवर. तिथून ४केचा रेखीवपणा खरंच दिसायचा तर टीव्ही सत्तर इंचांच्या आसपास हवा. तो आमच्या हॉलमध्ये लावला तर देव्हारा कुठे न्यायचा?

इथे मी योजना बंदच करणार होतो. थांबलो ते अंधाऱ्या दृश्यांमुळे. रात्रीचं आभाळ किंवा दिव्याभोवतीचं धुकं पूर्वी पट्टे पट्टे पडल्यासारखं दिसायचं, ते आता गुळगुळीत दिसत होतं. त्याचा ४केशी फारसा संबंध नाही. आमच्या ओटीटीवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र, फक्त वरच्या योजनेत मिळतं, आणि त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा असतात. शिवाय डेटाही जास्त, म्हणून अंधारात चौकोन चौकोन फुटत नाहीत. मात्र टीव्ही स्वस्तातला, उजेड बेताचा, तेव्हा दिवसा खिडकी उघडी असताना एचडीआर उलट मिणमिणतं वाटतं. पडदे ओढावे लागतात. हा फायदा दीडशे रुपयांचा आहे का? माझ्या मते साठ-सत्तरचा.

आता केबलकडे. बार बसवायला आलेल्या माणसाने खोक्यातली ऑप्टिकल केबल लावली, कारण एचडीएमआयची केबल खोक्यात नव्हती. मी विचारलं होतं, हीच बरोबर ना? "आवाज येतोय ना, साहेब?" येत होता.

ऑप्टिकलची ही जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली, सीडीच्या जमान्यात. तिच्यातून दोन चॅनलचा साधा PCM जातो, नाहीतर दाबून बसवलेला जुना डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ जातो. ओटीटी जे पाठवतं ते डॉल्बी डिजिटल प्लस, आणि अ‍ॅटमॉसची माहिती त्याच्याच पोटात असते. हा प्लस ऑप्टिकलमधून जात नाही. मग टीव्ही त्याचं जुन्या डॉल्बीत रूपांतर करतो, किंवा सेटिंग PCM वर असेल तर सगळं दोन चॅनलमध्ये कोंबतो. माझं PCM वरच होतं. आणि बार इतका हुशार की त्या दोन चॅनलचाच आवाज सगळ्या स्पीकरांत वाटून टाकत होता. मी ज्याला चारी बाजूंचा आवाज म्हणत होतो, तो बारने स्वतःच्या मनाने केलेला होता.

दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणे, अ‍ॅटमॉससाठी ईआर्कवाला टीव्ही लागेल आणि अडीच हजारांची केबल. भाच्याने मला मागे ओढलं. आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच बारकडे पाठवायची सोय, आणि ईआर्क ही तिची नवी, जास्त डेटा नेणारी आवृत्ती. ईआर्क लागतं ते ब्ल्यू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडीसाठी, कारण त्यात काहीच न गाळलेला, भरपूर डेटाचा आवाज असतो. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस जास्तीत जास्त ७६८ केबीपीएसच्या आसपासचा, तो २००९ पासून चालत आलेल्या साध्या आर्कमधून आरामात जातो. अट एवढीच की टीव्हीने तो प्लस आर्कवर पुढे सोडला पाहिजे, आणि काही जुने टीव्ही सोडत नाहीत. साडेतीनशेची साधी एचडीएमआय केबल घेऊन घरी आलो.

लावली. आवाजच नाही. तीन खाचांपैकी एकीवरच बारीक अक्षरांत ARC लिहिलंय, मी शेजारची धरली होती. बदलली. आवाज आला, डिस्प्लेवर पुन्हा PCM! सेटिंगमध्ये Digital Audio Out शोधून ते Passthrough केलं, म्हणजे आवाज आहे तसा पुढे सोडायला सांगितलं, अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडलं, तेव्हा कुठे चित्रपटाच्या नावाखाली अ‍ॅटमॉसची खूण उमटली. ती आधी नव्हतीच, आणि गेले सहा महिने ती का नाही असा प्रश्नही मला पडला नव्हता. यंत्राला तो आवाज झेपत नाही असं अ‍ॅपला कळलं की ते खूणच दाखवत नाही. तपासायची सोपी रीत हीच. खूण पाहा, मग बारचा डिस्प्ले पाहा. दोन्हीकडे अ‍ॅटमॉस दिसलं तरच तो वाजतोय.

फरक मात्र इथे कान पकडून दाखवण्याइतका. पाऊस खरोखर वरून पडल्यासारखा. आमचं छत सपाट आहे हे नशीब, कारण बारचे वर तोंड केलेले दोन स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात. उतरतं छप्पर किंवा नक्षीदार पीओपी असेल तर त्यांचा उपयोग अर्धा होतो. संवादही मधल्या स्पीकरमधून सुटे ऐकू येतात, पण ते श्रेय ५.१चं, आणि ५.१ आमच्या ओटीटीच्या खालच्या योजनेतही आहे. हे लक्षात आल्यावर परत चरफडलो.

बायकोला यातलं काहीच महत्त्वाचं वाटलं नाही. तिला आवडलं ते हे की एचडीएमआयमुळे टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होतो. ऑप्टिकलमधून रिमोटचा हुकूम जात नाही, त्यामुळे सहा महिने तिला दोन रिमोट सांभाळावे लागले होते. "हे आधी का नाही केलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक सल आहे. आम्ही पाहतो त्यातलं निम्मं मराठी. मी आतापर्यंत उघडलेल्या मराठी चित्रपटांत अ‍ॅटमॉसची खूण एकावरही दिसली नाही, बरेचसे तर एचडी आणि स्टिरिओच. जे सर्व्हरवर ठेवलेलंच नाही ते वरच्या योजनेत येणार कुठून?

म्हणून जूनमध्ये न सांगता खालची योजना घेतली. योजना वाढवली तर लगेच लागू होते, उतरवली तर पुढच्या बिलापासून, त्यामुळे भरलेले दिवस वाया गेले नाहीत. तीन आठवडे झाले. घरात कुणीही चित्राबद्दल ब्र काढलेला नाही. मला मात्र परवा एका दृश्यात हेलिकॉप्टर डोक्यावरून जायचं ते टीव्हीच्या मागून गेल्यासारखं वाटलं, आणि मी डिस्प्ले पाहायला उठलो. DD+ म्हणजे नुसतं डॉल्बी डिजिटल प्लस होतं, अ‍ॅटमॉस नव्हतं. दीडशे रुपये वाचतायत. गणपतीत भाचा परत येणार आहे, तेवढा एक महिना वरची घेईन म्हणतो.