साठवण तळं की पाझरती फरशी?

फरसबंद पाणलोटाचा पूर आवरायला तळं खोदावं की पाझरती फरशी घालावी, असा पेच असेल तर आधी हायड्रोग्राफ, म्हणजे वेळेनुसार प्रवाह कसा बदलतो त्याचा आलेख, काढा. समजा, १ चौरस किलोमीटरवर तासाभरात ४० मिमी पाऊस पडला. मोकळ्या जमिनीवरून त्यातलं चौथाई, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी पाच तासांत वाहिलं, तर आलेख त्रिकोणी धरून शिखर-प्रवाह सेकंदाला सुमारे १.१ घनमीटर येतो. फरसबंदीवरून ८० टक्के पाणी अडीच तासांत गेलं, की तोच ७.१ होतो. पावसाच्या मध्यापासून शिखरापर्यंतचा विलंबही आक्रसतो.

तळं शिखर छाटतं, विलंब वाढवतं. पण आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण पाणी, जवळपास तेवढंच राहतं. खाली दुसरा ओढा मिळत असेल, तर लांबवलेलं शिखर नेमकं त्याच्या शिखरावर बसू शकतं. हे तपासायचं राहून जाऊ शकतं.

फरशी पाणी मुरवते, म्हणून क्षेत्रफळच घटतं. मात्र गाळाने छिद्रं बुजली की ती साधी फरशीच, आणि तळ्यातल्या गाळासारखा हा गाळ सहज दिसत नाही.

नेहमीच्या मध्यम सरी आणि झिरपणारी माती असेल तर फरशी घ्या. क्वचितच्या मोठ्या पावसाची धास्ती असेल आणि जागा असेल, तर तळं.