त्याच दिवशीचा ब्रेड की रात्रभर फ्रिजमधलं पीठ? यीस्ट काय करतं ते बघून ठरवा

घरी ब्रेड करायचा म्हटलं की दोन प्रकारच्या रेसिपी सापडतात. एकीत चमचाभर यीस्ट घालून तीन तासांत ब्रेड तयार, दुसरीत चिमूटभर यीस्ट आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये. कुठली घ्यायची हे ठरवायचं असेल तर आधी पीठ फुगतं म्हणजे आत नेमकं काय होतं ते थोडं कळायला हवं, कारण दोन्हीत यीस्ट तेच असतं, फक्त प्रमाण, वेळ आणि तापमान बदललेलं असतं.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी, जिवंत असते, पाकिटात नुसती सुकवून झोपवलेली असते. पाणी मिळालं की जागी होते आणि साखर खायला लागते. मळताना पिठात गेलेला ऑक्सिजन काही मिनिटांतच संपतो, मग ती ऑक्सिजनशिवाय काम चालू ठेवते, म्हणजे साखर फोडून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल बनवते. हेच फर्मेंटेशन. (अल्कोहोलची काळजी नको, बहुतेक सगळं ओव्हनमध्ये उडून जातं.)

आता लोकांना वाटतं साखर घातली नाही तर यीस्ट उपाशी राहील. हिशोब करून बघा ना. एक ग्रॅम साखरेतून साधारण २५० मिली गॅस निघतो. अर्धा किलो मैद्याचा गोळा दुप्पट व्हायला आत ७०० मिलीच्या आसपास गॅस अडकायला हवा, म्हणजे तीनेक ग्रॅम साखर, थोडा गॅस निसटतो म्हणून चार-पाच धरा. तेवढी मैद्यात मुळातच असते, आणि वर मैद्यातलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्च तोडून आणखी साखर करत राहतं. उलट खूप साखर घातली, मैद्याच्या दहा टक्क्यांच्या वर, तर ती यीस्टचं पाणी ओढून घेते आणि फुगणं मंदावतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटते. यीस्ट नवीन बुडबुडे तयार करत नाही! गॅस आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग मळताना जी बारीक हवा आत अडकलेली असते त्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. म्हणजे जाळीची सुरुवात तुमच्या हातानेच होते, यीस्ट फक्त हवा भरतं, आणि त्या बुडबुड्यांभोवतीचा फुग्याच्या रबरासारखा ताणणारा पडदा म्हणजे ग्लुटेन. ग्लुटेन कच्चं राहिलं तर यीस्ट कितीही घाला, गॅस निसटून जाणार. (इडलीच्या पिठाशी तुलना करू नका, तिथे गॅस करणारे मुख्यतः बॅक्टेरिया असतात आणि ग्लुटेन नसतंच.)

आता दोन्ही पद्धती. प्रमाण एकच घेऊ: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५, मीठ १०.

त्याच दिवशीच्या ब्रेडला इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, म्हणजे दीड चमचा आणि वर थोडं. खोली २७-२८ अंश असेल तर तासा-सव्वातासात गोळा दुप्पट होतो, मग शेप देऊन टिनमध्ये अजून ४० मिनिटं, मग २२० अंशावर अर्धा तास. सोपं आहे आणि पीठ डोळ्यासमोर असतं. पण एवढ्या वेळात चव तयार होत नाही. गॅस तर भरपूर झाला, पण चवीसाठी जी ॲसिडं आणि बाकीचे बारीकसारीक पदार्थ लागतात ते हळूहळू साठतात, त्यामुळे साधा पाणी-मिठाचा ब्रेड असा केला तर सपक लागतो आणि कधीकधी यीस्टचाच वास येतो. दूध, लोणी, साखर घातलेल्या लादी पावाला मात्र हे चालतं, तिथे चव त्यांचीच असते.

आणि उन्हाळा. मे महिन्यात विदर्भातल्या किचनमध्ये ३८-४० अंशाला हेच ५ ग्रॅम यीस्ट अर्ध्या तासात पीठ डब्याबाहेर काढेल आणि रेसिपीतला 'एक तास' बघत बसलात तर पीठ गरजेपेक्षा जास्त फुगून ओव्हरप्रूफ होणार. ओळखायचं कसं? बोट दाबून बघा. खड्डा पटकन भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश आणि अर्धवट भरला तर बरोबर, अजिबात भरला नाही किंवा आजूबाजूचं पीठही खाली बसलं तर उशीर झाला. असा ब्रेड ओव्हनमध्ये वर येत नाही, आणि साखर खाऊन संपलेली असल्याने वरून नीट तांबूसही होत नाही.

फ्रिजवाल्या पद्धतीला यीस्ट फक्त दीड ग्रॅम, अर्धा चमचा. मळून तासभर बाहेर, मग झाकून फ्रिजमध्ये १२ ते १६ तास. चार-पाच अंशाला यीस्ट मरत नाही, अगदी संथ होतं, पण एन्झाइमं तेवढी थांबत नाहीत, ती स्टार्चमधून साखर काढत राहतात. खाणारा मंदावलाय आणि साखर साठतेय, म्हणून या ब्रेडचा वरचा पापुद्रा जास्त तांबूस आणि खमंग होतो. ग्लुटेनलाही निवांत वेळ मिळतो, त्यामुळे मळणं कमी पडलं असेल तरी बरंच भरून निघतं.

मग यीस्ट ५ ग्रॅमच घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर? इथेच बरेच जण फसतात. पिठाचा गोळा लगेच गार होत नाही, मधला भाग गार व्हायला दोन-तीन तास लागतात, आणि तेवढ्यात जास्तीचं यीस्ट आपलं काम उरकून टाकतं. सकाळी झाकण उचललेलं आणि अल्कोहोलचा भपकारा, दुसरं काही नाही. उन्हाळ्यात मळायलाच फ्रिजचं पाणी वापरा आणि गोळ्याचे दोन चपटे भाग करून ठेवा, लवकर गार होतात.

या पद्धतीचा तोटा म्हणजे फ्रिजमधली जागा आणि दुसऱ्या दिवशीची दुसरी फेरी. गार पीठ शेप दिल्यावर दीड तास तरी घेतं, हिवाळ्यात पुण्या-नाशिकला दोन. घड्याळ बघून गार लोफ ओव्हनमध्ये ढकलला तर कडेने वेडावाकडा फाटतो, कारण पहिल्या काही मिनिटांत यीस्ट जोरात धावतं, विरघळलेला गॅस बाहेर येतो, बुडबुडे फुगतात, आणि बाहेरचा पापुद्रा तोवर कडक व्हायला लागलेला असतो. ५५-६० अंशाला यीस्ट मरतं, त्यानंतर थोडीफार वाफ फुगवते तेवढंच.

माझं मत विचाराल तर पावभाजीसाठी लादी करायची असेल तर त्याच दिवशीची, फ्रिजच्या भानगडीत पडू नका. साधा लोफ, फोकाच्चा, पिझ्झा बेस असेल तर फ्रिजच, आणि एप्रिल-मेमध्ये तर शक्यतो सगळंच फ्रिजमध्ये कारण तेवढंच एक तापमान तुमच्या हातात असतं. गोव्यातले पोदेर पूर्वी पाकिटातलं यीस्ट न घेता माडाच्या सुरेवर पीठ आंबवायचे, त्यात यीस्टबरोबर बॅक्टेरियाही असतात आणि तो आंबटपणा या दोन्ही पद्धतींत मिळणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

चक्कीच्या गव्हाच्या पिठाचा ब्रेड करणार असाल तर मात्र १६ तास ठेवू नका. दळताना त्यातला स्टार्च जास्त तुटलेला असतो, एन्झाइमं त्याची भराभर साखर करतात, आणि कोंडा ग्लुटेनचे पडदे फाडतो, त्यामुळे जास्त वेळ ठेवलं की गोळा चिकट आणि सैल पडतो. आठ तास पुष्कळ झाले, किंवा अर्धा मैदा मिसळा.