बंद झालेल्या मॉडेलचा स्क्रू कॉम्प्रेसर आणि कंपनीचा स्पेअर विभाग: काही महिन्यांनंतरचा अनुभव

बेल्टवर चालणारा 22 किलोवॅटचा हा स्क्रू कॉम्प्रेसर सेकंडहँड घेतला, तेव्हा कंपनीने ते मॉडेल बंद करून बरीच वर्षं झाली होती. हवेच्या बाबतीत तक्रार नाही. दाब स्थिर राहतो, तेल वेळेवर बदललं की तापमान आटोक्यात असतं, आवाज मात्र नव्या मशीनपेक्षा जास्त आहे. मशीनबद्दल एवढं पुरे. लिहायचं आहे ते स्पेअर विभागाबद्दल, कारण जुनं मशीन घेतलं की आज ना उद्या गाठ त्यांच्याशीच पडते.

सुरुवातीला डीलरला फोन केला. "सगळं मिळतं हो, काळजी करू नका," असं उत्तर आलं. त्याचा रोजचा धंदा फिल्टर, सेपरेटर आणि तेलाचा आहे, आणि ते खरंच सगळं मिळतं. पण तेवढंच तर बाहेरही मिळतं. बेल्ट, मोटरची बेअरिंग, कॉन्टॅक्टर यांसाठी कंपनीचं तोंड बघावं लागत नाही. अडतं ते शाफ्ट सील, इनटेक व्हॉल्व्हचं किट, मिनिमम प्रेशर व्हॉल्व्हचं किट, कंट्रोलर आणि एअरएंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, या पाच-सहा वस्तूंवर. त्यामुळे सरसकट "स्पेअर मिळतात का" असं न विचारता फक्त या वस्तूंची यादी थेट कंपनीला मेलने पाठवली. मजकूर साधारण असा होता:

"मॉडेल, मशीनचा सिरीयल नंबर, बनावटीचं वर्ष आणि एअरएंडचा नंबर खाली दिला आहे. दोन्ही नेमप्लेटचे फोटो सोबत आहेत. यादीतल्या प्रत्येक पार्टबद्दल कृपया कळवावे: पार्ट नंबर चालू आहे, बदलला आहे की बंद झाला आहे? बदलला असल्यास नवा पार्ट बसवायला आणखी काय लागेल? माल तयार आहे का? नसल्यास किती आठवडे, आणि ते कोणत्या तारखेपासून मोजायचे? कमीत कमी किती नग घ्यावे लागतील? मशीन सध्या चालू आहे, नियोजनासाठी विचारत आहोत."

दोन नेमप्लेटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मशीनच्या कॅबिनेटवर एक पट्टी असते आणि आत एअरएंडच्या अंगावर दुसरी. ती बहुतेक वेळा तेलकट धुळीखाली दबलेली असते, कापडाने पुसून टॉर्च तिरकी धरली तरच नंबर वाचता येतो. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात एअरएंड बदललेला असू शकतो, आणि तसं झालं असेल तर शाफ्ट सीलचं मापही बदलतं. कॅटलॉगमध्ये मॉडेलच्या नावाखाली दोन वेगळे सील दिसले की समजायचं, निर्णय सिरीयल नंबरवर होणार. समोरच्याने नंबर न मागता लगेच दर पाठवला, तर मी ते कोटेशन बाजूला ठेवतो. इथे स्पेअर विभागातल्या माणसाने एअरएंडच्या पट्टीचा आणखी स्पष्ट फोटो मागितला आणि तिथेच माझा विश्वास बसला.

शेवटची ओळ मुद्दाम खरी लिहिली होती. "मशीन बंद पडलंय" म्हटलं की उत्तर लवकर येतं हे खरं, पण दर वेळी तेच सांगितलं तर खरोखर बंद पडेल त्या दिवशी सांगायला काही उरत नाही.

उत्तर पार्टनिहाय आलं. दोन्ही व्हॉल्व्हची किटं चालू, त्यातल्या एकाचा नंबर बदललेला पण बसायला तेच. शाफ्ट सील चालू, 4 आठवडे. कंट्रोलर बंद, त्याऐवजी रेट्रोफिट किट. नवा एअरएंड मिळणार नाही, जुना परत देऊन दुरुस्त केलेला घेता येईल, मुदत चौकशीनंतर.

सीलची गरज लवकरच पडली. पुलीच्या मागे तेलाचा ओघळ आणि बेल्ट गार्डच्या आतून शिंतोडे दिसायला लागले. थेंब मोजण्यापेक्षा तेलाची पातळी किती दिवसांनी खाली येते आणि बेल्टवर तेल जातंय का, एवढं बघितलं. बेल्ट कोरडे होते, त्यामुळे तेल वर भरत मशीन चालू ठेवता आलं. आता त्या 4 आठवड्यांचं काय झालं ते सांगतो. आमच्या पीओमधला, म्हणजे खरेदी ऑर्डरमधला, पार्ट नंबर आणि त्यांच्या प्रोफॉर्मातला नंबर जुळेना, कारण सीलबरोबर वेअर स्लीव्ह वेगळ्या नंबरने घ्यावी लागते. शाफ्टवरच्या जुन्या स्लीव्हला खाच पडलेली असताना नुसतं सील बदललं तर गळती पुन्हा सुरू होते, म्हणून दोन्ही घेतलं. ऑर्डरच्या कागदातल्या या दुरुस्तीत एक आठवडा गेला. मग पैसे जमा झाले आणि घड्याळ तिथून सुरू झालं. कारखान्यात 4 आठवडे लागले, म्हणजे त्यांचा शब्द तंतोतंत खरा ठरला. नंतर वाहतुकीत दोन आठवडे गेले. कोटेशनवरचे 4 आमच्या दारात 7 झाले, आणि यात कोणीही खोटं बोललं नव्हतं. कोटेशनवर 'एक्स-वर्क्स' लिहिलेलं असेल तर ते आठवडे कारखान्याच्या गेटपर्यंतचेच असतात. खरी तारीख ऑर्डर कन्फर्मेशनवर येते, ती आली की कोटेशनवरची विसरायची.

पाकीट उघडण्याआधी पॅकिंगची तारीख बघितली. सीलची ओठपट्टी पीटीएफईची असल्याने तिला पडून राहण्याची फारशी भीती नाही, पण किटमधल्या ओ-रिंग नायट्राइल रबराच्या असतात. अशा रबरासाठी आयएसओ 2230 मध्ये साठवणीची मूळ मुदत 7 वर्षं धरली आहे. बंद मॉडेलचा माल गोदामात किती पडून असेल सांगता येत नाही, त्यामुळे ऑर्डर देतानाच तारीख विचारलेली बरी. आमचं पाकीट ताजं होतं.

कंट्रोलरचं प्रकरण मात्र जरा नाराज करणारं. "रेट्रोफिट किट उपलब्ध" एवढंच लिहिलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की नव्या कंट्रोलरला पीटी1000 तापमान सेन्सर लागतो आणि आमच्यात जुना पीटी100 आहे. 25 अंशांना पीटी100 साधारण 110 ओहम दाखवतो आणि पीटी1000 साधारण 1097. मल्टिमीटर लावून दोन मिनिटांत खात्री होते. जुनाच सेन्सर जोडला तर नवा कंट्रोलर सेन्सर फॉल्ट दाखवून मशीन सुरूच होऊ देणार नाही. सेन्सर, दाबाचा ट्रान्सड्युसर आणि वायरिंगचा हार्नेस किटमध्ये आहे की वेगळा, हे लेखी घेतलं. सेन्सर आणि हार्नेस आत, ट्रान्सड्युसर वेगळा निघाला, आणि त्याची मुदत कंट्रोलरपेक्षा जास्त होती. संपूर्ण किटची मुदत म्हणजे त्यातल्या सर्वात उशिरा येणाऱ्या वस्तूची मुदत, हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं.

एकूण स्पेअर विभागाला मी चांगले गुण देईन, डीलरला कमी. मेलला उत्तर देणारा माणूस जाणकार आहे, पण विचाराल तेवढंच सांगतो. रेट्रोफिट किट शिल्लक असेपर्यंतच मिळेल असं लेखी आल्यामुळे ट्रान्सड्युसरसकट मागवून ठेवलं आहे. एअरएंडची मुदत अजून आलेली नाही. जुना एअरएंड आधी पाठवायचा की बदली आल्यावर, हे त्यांना विचारलं आहे. आधी पाठवायचा असेल तर तेवढे आठवडे भाड्याचा कॉम्प्रेसर लावावा लागेल, आणि मग आमच्यासाठी एअरएंडची किंमत कोटेशनमधल्या आकड्यापेक्षा वेगळीच असेल.