घनता काढायचीये: पट्टी, व्हर्निअर, स्क्रू गेज की पाण्यात बुडवायचं?

भाची अकरावीला आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी आम्ही रविवारी जुन्या बाजारातून एक छोटा चकचकीत दांडा आणला, साधारण बोटाएवढा, वर प्लेटिंग केलेलं. विकणारा म्हणाला स्टेनलेस आहे. हातात घेतल्यावर मला तो पितळेचा वाटला, आतून पितळ आणि वरून क्रोम, जसं नळाच्या पार्टला असतं तसं. लोहचुंबक चिकटला नाही पण त्याने काही ठरत नाही, कारण नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसलाही तो चिकटत नाही. मग घनता काढूनच ठरवायचं म्हटलं. स्टेनलेसची येते ७.९ ते ८.० आणि पितळेची मिश्रणानुसार ८.४ ते ८.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे मधे फक्त अर्ध्याचा फरक, टक्क्यात साधारण सहा. तुमच्या मोजण्यातली एरर तीन टक्क्यांच्या आत असेल तरच हे दोन वेगळे ओळखता येतील, नाहीतर उत्तर कितीही दशांश स्थळं लिहून काढलंत तरी त्याचा उपयोग नाही.

भाचीचा पहिला प्रश्न होता, "मावशी, यातलं नक्की कुठलं वापरू? लॅबमधे सगळंच आहे." तिच्यासारखंच ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, एकच दांडा चारही पद्धतींनी मोजून.

वजन सगळ्यांना कॉमन. ०.१ ग्रॅम लीस्ट काउंटचा डिजिटल काटा, त्यावर दांडा ४२.९ ग्रॅम भरला. एरर ०.१ भागिले ४२.९, म्हणजे ०.२३ टक्के. आकार सिलिंडरचा असल्यामुळे सूत्र हे:

`ρ = 4m / (π d² l)`

`Δρ/ρ = Δm/m + 2(Δd/d) + Δl/l`

त्या दोनाकडे नीट बघा, या सगळ्या आढाव्याची किल्ली तीच आहे. व्यासाचा वर्ग आहे म्हणून व्यासातली एरर दुप्पट होऊन येते, आणि वर व्यास हीच सगळ्यात छोटी लांबी आहे, म्हणजे टक्क्यात ती आधीच मोठी.

आधी पट्टी. लीस्ट काउंट १ मिमी म्हणजे ०.१ सेंमी. व्यास १.३, लांबी ४.०. व्यासाची एरर ७.७ टक्के, दुप्पट करून १५.४, लांबीची २.५, वजनाची ०.२३, बेरीज १८ टक्के. घनता आली ८.१ ± १.५. यात स्टेनलेस बसतं, पितळ बसतं, तांबं पण बसतं (८.९६). पट्टीवर अर्धा मिमी अंदाजाने वाचला तरी ९ टक्क्यांच्या खाली जात नाही. म्हणजे या कामाला पट्टी बाद, यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

व्हर्निअर कॅलिपरवर मात्र थांबायला हवं, कारण शाळा-कॉलेजात हेच हातात येतं. लीस्ट काउंट काढताना सवयीने ०.०१ सेंमी लिहून टाकू नका, आधी जबडे बंद करून मोजा की व्हर्निअरचे किती भाग मेन स्केलच्या किती भागांवर बसतात. १० भाग ९ मिमीवर बसत असतील तर व्हर्निअरचा एक भाग ०.९ मिमी, फरक ०.१ मिमी, तोच लीस्ट काउंट. वर्कशॉपवाल्या कॅलिपरवर ५० भाग ४९ मिमीवर बसतात, तिथे तो ०.०२ मिमी होतो. आमच्याकडे १० भागांचा होता.

व्यास १.२७, लांबी ४.०२ सेंमी. व्यासाची एरर ०.७९ टक्के, दुप्पट १.५८, लांबीची ०.२५, वजनाची ०.२३, एकूण साधारण २ टक्के. घनता ८.४ ± ०.२. खालचं टोक ८.२ च्या पुढे, म्हणजे स्टेनलेस बाहेर, पितळ आत. प्रश्न सुटला!

पण भाचीने पहिल्यांदा मोजलं तेव्हा हे उत्तर आलंच नव्हतं, तिचा व्यास १.२९ आणि लांबी ४.०४ होती आणि घनता ८.१२ आली होती, आणि तिने शांतपणे ± ०.१७ लिहून रेंज काढली ७.९५ ते ८.२९, म्हणजे पितळ बाहेर आणि स्टेनलेस जवळपास आत, अगदी उलट निष्कर्ष. कारण जबडे बंद केल्यावर व्हर्निअरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडे होता आणि दुसरी रेघ जुळत होती. म्हणजे +०.०२ सेंमी झिरो एरर, जी वजा करायची राहिली. आणि हे नीट समजून घ्या की तुमच्या ± मधे झिरो एरर धरलेलीच नसते. लीस्ट काउंटवरून काढलेली एरर फक्त सांगते की उपकरण किती बारीक वाचू शकतं, ते बरोबर वाचतंय की नाही हे ती सांगत नाही. दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली तरी झिरो एरर जात नाही, कारण ती दहाही रीडिंगमधे एकाच दिशेने बसलेली असते. म्हणून मोजायच्या आधी आणि नंतर दोन्हीवेळा जबडे बंद करून बघायचं.

आता स्क्रू गेज. लीस्ट काउंट म्हणजे पिच भागिले गोल स्केलचे भाग. पिच १ मिमी आणि १०० भाग, किंवा पिच ०.५ मिमी आणि ५० भाग, दोन्हीत उत्तर ०.०१ मिमीच येतं आणि म्हणूनच मुलं पिच न बघता पुढे जातात. पिच बघायची पद्धत सोपी आहे, गोल स्केल पाच पूर्ण फेरे फिरवा आणि सरळ स्केलवर किती सरकलं ते वाचा, ५ मिमी सरकलं तर पिच १, अडीच सरकलं तर ०.५. आमचा ०.५ चा होता. अशा गेजवर सरळ रेषेच्या एका बाजूला पूर्ण मिमीच्या रेघा आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्याच्या, ती अर्ध्याची रेघ उघडी पडलीय हे दिसलं नाही की रीडिंग थेट अर्ध्या मिमीने कमी येतं. आमचा खरा व्यास १२.७२ मिमी. अर्धा मिमी सुटला असता तर १२.२२, आणि घनता ९.१०. मग कोणीही म्हटलं असतं अरे हे तर तांबं! ही चूक पकडायची तर आधी व्हर्निअरने मोजून ठेवा, दोघांत अर्ध्या मिमीची तफावत दिसली की लगेच कळतं. आणि घट्ट करताना मागची रॅचेटच फिरवा, मुख्य नळी पिळली तर प्रत्येकाच्या हाताच्या जोरावर वेगळं रीडिंग येईल.

गेजने व्यास १.२७२ सेंमी, एरर ०.०८ टक्के, दुप्पट ०.१६. लांबी मात्र परत व्हर्निअरनेच घ्यावी लागली कारण नेहमीच्या स्क्रू गेजमधे २५ मिमीपर्यंतच बसतं. लांबीची ०.२५, वजनाची ०.२३, एकूण ०.६४ टक्के. घनता ८.४० ± ०.०५.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. व्हर्निअरवाल्या दोन टक्क्यांत दीड टक्का एकट्या व्यासाचा होता. त्यावेळी स्क्रू गेजऐवजी तुम्ही जास्त बारीक काटा आणला असता, ०.०१ ग्रॅमचा, तर एकूण एरर २.०५ वरून १.८५ वर आली असती, बस. स्क्रू गेजने ती ०.६४ वर आली. म्हणून एकच काहीतरी विकत घ्यायचं असेल तर काटा नाही, स्क्रू गेज. स्क्रू गेज आल्यानंतर मग काट्याचा फायदा दिसायला लागतो, कारण आता लांबी आणि वजन हेच मोठे झालेत.

फक्त दांडा सगळीकडे सारखा गोल हवा. आम्ही तीन जागी, प्रत्येक जागी काटकोनात दोनदा असा व्यास घेतला, रीडिंग १२.७१ ते १२.७३ मधे होती म्हणून ठीक. तुमची रीडिंग ०.१ मिमीने इकडेतिकडे होत असतील तर गेजचा ०.०१ विसरा, एरर म्हणून रीडिंगमधला तो फरकच धरायचा, आणि मग व्हर्निअर आणि गेज यात काही फरक उरत नाही.

राहिलं पाणी. बऱ्याच जणांना वाटतं मेजरिंग सिलिंडरमधे बुडवणं सगळ्यात सोपं आणि म्हणून चांगलं. आमच्या दांड्याचं आकारमान ५.१ मिली. १०० मिलीच्या सिलिंडरचा लीस्ट काउंट १ मिली, आणि आकारमान दोन रीडिंगच्या वजाबाकीतून येतं, वजाबाकीतही एररची बेरीजच होते, म्हणजे ५ ± २, चाळीस टक्के! पट्टीपेक्षाही वाईट. २५ मिलीचा, अर्ध्या मिलीच्या रेघांचा घेतला तरी वीस टक्के.

पण पाणी वापरायची दुसरी पद्धत आहे आणि ती मला मनापासून आवडते. काट्यावर पाण्याचा बीकर ठेवून टेअर करा, दांडा दोऱ्याने वरून असा सोडा की पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही. काटा जेवढं दाखवेल तेवढ्या वजनाचं पाणी दांड्याने बाजूला सारलं. ०.१ च्या काट्यावर ५.१ दिसतं, म्हणजे २ टक्के एरर, टेअरचीही धरली तर ४, स्टेनलेस-पितळ ठरवायला काठावर. ०.०१ च्या काट्यावर आम्हाला ५.०९ मिळाले, एरर टेअरसकट ०.४ टक्के. पुण्यातलं पाणी त्या दिवशी २७ अंशाला होतं, तेव्हा पाण्याची घनता ०.९९६५, त्याने गुणलं तर दांड्याची ८.४० येते, गेजशी तंतोतंत. गुणलं नाही तर ८.४३. दांड्याला बुडबुडे चिकटले तर आकारमान जास्त दिसतं आणि घनता कमी येते, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच हलवून ते सोडवा.

तर कुणी काय निवडायचं? गोल, सरळ, सारखी जाडी असलेली वस्तू असेल आणि फक्त धातू ओळखायचा असेल तर व्हर्निअर पुरे, झिरो एरर मात्र बघा. पितळेतल्या पितळेत, म्हणजे ८.४ चं की ८.५ चं असं ठरवायचं असेल तर व्यासाला गेज आणि लांबीला व्हर्निअर. नट, चावी, दगड असं वेडंवाकडं काही असेल तर ०.०१ चा काटा आणि दोरा. वार्षिक परीक्षेच्या जर्नलमधे एरर वरच्यासारखी सरळ बेरजेने लिहा, अकरावीच्या पुस्तकात तीच पद्धत आहे. पुढे बीएस्सीला वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात, त्याने आमचे ०.६४ टक्के ०.३७ च्या आसपास येतात, कारण तिन्ही एरर एकाच वेळी एकाच बाजूला पूर्ण जातील असं सहसा होत नाही.

भाचीने शेवटी दांड्याचं एक टोक कानशीने थोडं घासलं, आतून पिवळं निघालं.