पाच जणांचे स्क्रीनशॉट, पण फोन एकच

मी घरी शिवणकाम करते. गेल्या दिवाळीआधी एका टेलिग्राम ग्रुपमध्ये 'टास्क' करून पैसे मिळवायच्या नादात माझे 18,500 रुपये गेले. आधी दोनशे रुपये खरंच खात्यात आले. मग 'मोठा टास्क' आणि त्यासाठी आगाऊ रक्कम. मी ती भरली, कारण ग्रुपवर पाच जणांनी पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकले होते. एक नाशिकची गृहिणी, एक लातूरचा विद्यार्थी, एक ठाण्याचे निवृत्त शिक्षक, आणखी दोघं.

पैसे बुडाल्यावर भाच्याने ते पाचही फोटो मोठे करून फक्त वरची पट्टी कापली आणि एकाखाली एक लावली. घड्याळ 2:17, 2:17, 2:18, 2:18, 2:19. बॅटरी 46, 46, 46, 46, 45. पाचही ठिकाणी अलार्मचं चिन्ह, ब्लूटूथ चालू, पहिल्या सिमला पूर्ण रेंज आणि दुसऱ्यावर फुली. ग्रुपवर मात्र ते सोमवार ते गुरुवार, वेगवेगळ्या वेळी आले होते.

नुसती बॅटरी जुळली तर काहीच सिद्ध होत नाही, हे भाच्यानेच सांगितलं. लाखो फोन एकाच वेळी 46 टक्क्यांवर असतील. पण फुलीवालं दुसरं सिम, अलार्म, ब्लूटूथ आणि मिनिटामिनिटाने सरकणारं घड्याळ हे सगळं पाच अनोळखी लोकांकडे एकत्र जुळायचं नाही.

खरी गोम शिक्षकांच्या फोटोत निघाली. बँकेच्या मेसेजमध्ये गुरुवार, सकाळचे 9:31. ग्रुपवर फोटो आला 9:40 ला. आणि पट्टीवर 2:18! रात्रीचे धरले तर पैसे तेव्हा आलेच नव्हते, दुपारचे धरले तर ते अजून वाजायचे होते. म्हणजे मेसेजच बनवलेला. मी तो फोटो तेव्हा निदान चार वेळा पाहिला होता, पण नजर सगळी रकमेवर.

उलट बाजूनेही फसू नका. पट्टीत विसंगती नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही, ती पट्टीही बदलता येते. काही फोनमध्ये स्क्रीनशॉट घेताना पट्टी लपवायची सोय असते, काहींत टक्केवारी दिसतच नाही. एकाच खऱ्या माणसाने एका बैठकीत पाच स्क्रीनशॉट काढले तर ते सारखे दिसणारच. इथे पाच माणसं वेगळी आहेत असं सांगितलं होतं, म्हणून ते खटकलं.

मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे भरून तोवर सहा दिवस झाले होते. पट्ट्यांचा तो जोडफोटोही तक्रारीला लावला. ग्रुपवर तोच टाकून मी विचारलं, "हे पाचही जण एकाच घरात राहतात का?" दोन मिनिटांत मला काढून टाकलं.