एका फोटोतल्या स्टिकी नोट्स सुट्या करताना: रंग की कडा?

पांढऱ्या फळ्यावरच्या नोट्स सुट्या करण्याचा सोपा मार्ग म्हणजे फोटो HSV, म्हणजे रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजळपणा वेगवेगळे मांडणाऱ्या रंगपद्धतीत नेऊन प्रत्येक रंगाचे सलग ठिपके वेगळे काढणे. नोट्समध्ये फट असेल तर एवढे पुरते. मात्र दोन पिवळ्या नोट्स एकमेकींवर थोड्या चढल्या असतील, तर त्यांचा एकच मोठा ठिपका होतो, आणि त्याचे क्षेत्रफळ सुट्या नोटेच्या जवळपास पावणेदोन पट भरले, की ही गफलत लगेच ओळखता येते.

कडा शोधणारी पद्धत अशा वेळी वरच्या नोटेच्या कडेची बारीक सावली पकडते आणि जोडी सोडवते, पण जाड मार्करचे अक्षरही तिला कडच वाटते. म्हणून मी आधी रंग वापरतो आणि फक्त फुगलेल्या ठिपक्यांवर कडा शोधतो. खालच्या नोटेचा झाकलेला मजकूर मात्र कोणत्याही पद्धतीने मिळत नाही.

प्रत्येक नोटेची फळ्यावरची जागा कायम राहावी म्हणून फोटोतून नोट्स कापण्यापूर्वीच फळ्याचे चार कोपरे धरून तिरका फोटो सरळ करावा आणि प्रत्येक नोटेचा मध्यबिंदू फळ्याच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात नोंदवावा, उदाहरणार्थ 0.32, 0.60.